विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड झालाच का? एका रिपोर्टची उकल

सूक्ष्मदर्शक

टायफॉइड जिथे नेहमी आढळतो तिथे तापाच्या दिवसांत असे रिपोर्ट रोज निघतात:

वय २६, तापाचा चौथा दिवस, एकच नमुना, स्लाइड पद्धत
टायफी ओ – १:८०
टायफी एच – १:१६०
पॅराटायफी ए-एच – १:२० पेक्षा कमी
पॅराटायफी बी-एच – १:४०
आणि तळाशी बारीक अक्षरांत, "१:८० व त्यावरील टायटर अर्थपूर्ण"

हा कागद हातात पडला की घरचे म्हणतात टायफॉइड निघाला, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं. या धाग्यात मला एवढंच तपासायचं आहे की या चार आकड्यांवरून खरोखर काय कळतं.

विडाल चाचणी टायफॉइडचा जंतू शोधत नाही. ती रक्तातल्या अँटिबॉडी शोधते. बाटलीत मारलेले, रंगवलेले साल्मोनेला टायफी असतात. रुग्णाच्या सीरममध्ये त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या जंतूंना एकमेकांशी जोडतात आणि डोळ्यांना दिसतील असे पुंजके होतात. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि ज्या शेवटच्या पातळीपर्यंत पुंजके दिसतात ती लिहायची, तोच टायटर. पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी १८९६ साली ही चाचणी मांडली. तत्त्व आजही तेच आहे आणि त्यात चूक काहीच नाही. रिपोर्टमधला ओ म्हणजे जंतूच्या अंगाविरुद्धच्या अँटिबॉडी, आणि एच म्हणजे त्याच्या शेपटीविरुद्धच्या.

घोटाळा होतो तो अँटिबॉडी कधीच्या आहेत या प्रश्नावर. पहिल्यांदाच टायफॉइड झालेल्या माणसात ओ अँटिबॉडी साधारण तापाच्या सहाव्या ते आठव्या दिवशी दिसू लागतात आणि एच दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास. ओ काही महिन्यांत उतरतात, एच वर्षानुवर्षं रेंगाळू शकतात. आता वरचा रिपोर्ट पुन्हा वाचा. ताप चौथ्या दिवसाचा, आणि उशिरा येणारा एच मात्र ओच्या पुढे. हे चित्र ताज्या आजारापेक्षा जुन्या संपर्काशी जास्त जुळतं. जिथे टायफॉइड विरळा आहे तिथे असा जुना संपर्क फार थोड्यांना असतो, म्हणून तिथे १:८० ला काही वजन आहे. जिथे तो घरोघरी होऊन गेलेला असतो, कित्येकदा सौम्य आणि नकळत, तिथे ठणठणीत माणसाच्या रक्तातही १:८० सापडतो.

---

बाह्यरुग्ण

धागा चांगला, पण चौथ्या दिवसाचं गणित इतकं सरळ नाही. जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. म्हणजे तापाचा चौथा दिवस हा शरीराच्या हिशोबाने चौथा नसतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ओ वाढलेले आणि पुढे कल्चरमध्येही, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघितल्यावरही, टायफी उगवलेले रुग्ण असतात.

शिवाय आम्ही एच बघतच नाही. एच जुना असतो हे सगळ्यांना माहीत आहे. ओ १:१६० असला की टायफॉइड पक्का, असं धरून चालायला हरकत नसावी.

---

सूक्ष्मदर्शक

पहिला मुद्दा मान्य. काहींच्यात अँटिबॉडी लवकर दिसतात, आणि आधी संपर्क आलेल्या माणसात तर प्रतिसाद आणखी लवकर येतो. त्यामुळे चौथ्या दिवशी टायटर आहे म्हणून टायफॉइड नाहीच, असं मी म्हणणार नाही. तो रिपोर्ट दोन्हीकडे सारखाच बसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर निर्णय उभा करता येत नाही.

दुसरा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. ओ हा एचपेक्षा ताज्या आजाराशी जास्त जोडलेला असतो, हे खरं. पण ओमध्ये वेगळीच अडचण आहे. टायफीच्या ओ अँटिजेनचे, म्हणजे अँटिबॉडी ज्या खुणेला ओळखतात तिचे, दोन भाग आहेत, ९ आणि १२. यातला १२ पॅराटायफी ए आणि बी या टायफीच्या भाऊबंद जंतूंमध्येही असतो, आणि ९ हा एंटरिटिडिससारख्या अन्नातून जुलाब लावणाऱ्या साल्मोनेलांमध्येही असतो. म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी दोन दिवस पोट बिघडलं होतं, तेही ओ वाढवू शकतं. एच त्या मानाने टायफीच्या जास्त नेमका आहे, पण तो जुना असतो. ज्याचा काळ बरा त्याची ओळख कच्ची, आणि ज्याची ओळख बरी त्याचा काळ कच्चा, अशी ही जोडी आहे.

त्यात भर म्हणजे दुसऱ्या कुठल्याही तापात जुन्या अँटिबॉडी पुन्हा वर येऊ शकतात, विशेषतः एच. मलेरियात हे चांगलंच माहीत आहे. जुनाट यकृताच्या आजारातही टायटर खोटा वाढलेला सापडतो. "मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही पॉझिटिव्ह" असे जे रिपोर्ट दिसतात त्यातल्या पुष्कळांत टायफॉइड नसतोच, मलेरियाने जुन्या अँटिबॉडी ढवळलेल्या असतात.

---

पिपेट

बेंचवरून लिहितोय. वर टायटरची एवढी चर्चा चालली आहे, पण तो १:८० कागदावर येतो कसा ते एकदा बघायला हवं.

स्लाइडवर गोल असतात. पाच गोलांत सीरम टाकायचं ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर. त्यावर प्रत्येकी अँटिजेनचा, म्हणजे बाटलीतल्या त्या रंगीत जंतूंचा, एक थेंब, साधारण ५० मायक्रोलिटरचा. हे गोल अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि १:३२० मानले जातात. काडीने पूर्ण गोलभर पसरायचं, स्लाइड हळूहळू झुलवायची आणि बरोबर एक मिनिटाला चांगल्या उजेडात वाचायचं.

आता यात बिघडतं कुठे ते सांगतो.

सगळ्यात जास्त बिघडतं वेळेत. एका वेळी पाच-सहा रुग्णांच्या स्लाइड लावल्या की शेवटची वाचेपर्यंत तीन-चार मिनिटं होतात. तोवर थेंबाची कडा सुकायला लागते आणि रंगीत जंतू कडेला गोळा होतात. ते हुबेहूब पुंजक्यांसारखं दिसतं. ओळखायची खूण अशी की खरे पुंजके थेंबभर पसरलेले असतात आणि स्लाइड तिरपी केली की थेंबाबरोबर सरकतात. सुकल्यामुळे आलेले कण कडेलाच चिकटून राहतात आणि मधला भाग गढूळच असतो. खरं अ‍ॅग्लुटिनेशन झालं की पुंजक्यांमधला द्रव स्वच्छ होत जातो.

दुसरं, थेंबाचा आकार. ड्रॉपर सरळ उभा धरला तर एक माप पडतं, तिरपा धरला तर वेगळं. अँटिजेन कमी पडलं की तोच सीरम जास्त दाट ठरतो. बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली, न हलवता वापरली, तरी तेच. जंतू तळाशी बसलेले असतात, मग वरचा थेंब पातळ आणि शेवटचा दाट.

तिसरं, कंट्रोल. सलाइन आणि अँटिजेन असा एक गोल रोज लावायलाच हवा. जुनं किंवा गोठून गेलेलं अँटिजेन नुसत्या सलाइनमध्येही आपोआप दाणेदार होतं. तो गोल लावला नाही तर त्या बाटलीतून निघणारा प्रत्येक रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि कुणाला पत्ता नाही.

स्लाइड ही फक्त चाळणी आहे. त्यावर जे पॉझिटिव्ह दिसेल ते ट्यूबने पक्कं करायचं असतं, पण ट्यूब रात्रभर ठेवावी लागते आणि रिपोर्ट संध्याकाळी हवा असतो.

---

त्रैराशिक

पिपेट, ट्यूब पद्धतीत तरी आकडा पक्का असतो का? मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, संख्याशास्त्राचा आहे. दुप्पट-दुप्पट पातळ करत जाणाऱ्या मापात एक पायरी इकडेतिकडे होणं अगदी सहज शक्य वाटतं.

---

पिपेट

बरोबर ओळखलंत. ट्यूबमध्ये पहिल्या नळीत १.९ मिली सलाइन आणि ०.१ मिली सीरम घेतलं की १:२० होतं. त्यातलं १ मिली पुढच्या १ मिली सलाइनमध्ये, त्यातलं १ मिली त्याच्या पुढच्यात, असं करत १:६४० पर्यंत जातो. शेवटच्या नळीत सीरम नसतं, ती कंट्रोल. अँटिजेन घालून ३७ अंशाला रात्रभर. सकाळी वाचताना ओचे पुंजके बारीक दाणेदार, तळाशी खडूच्या भुकटीसारखे पसरलेले दिसतात. एचचे मोठे आणि कापसासारखे सैल असतात, नळी जोरात हलवली की मोडून जातात. कंट्रोल नळीत तळाशी घट्ट गोल टिपका दिसला पाहिजे.

दोन चांगले तंत्रज्ञ तेच सीरम लावतील तर एकाला १:८० आणि दुसऱ्याला १:१६० येणं हे चुकीत धरत नाहीत, एवढी ढिलाई या पद्धतीतच आहे. त्याहून मोठा गोंधळ हिशोबाचा. अँटिजेन सीरमइतकंच, समभाग घातलं तर सगळ्या पातळ्या दुप्पट होतात. काही ठिकाणी अँटिजेन घालण्याआधीची पातळी लिहितात, काही ठिकाणी नंतरची. म्हणजे एकच रक्त एका लॅबमध्ये १:८० आणि दुसरीकडे १:१६०. म्हणून दोन लॅबचे किंवा दोन किटचे रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढला" म्हणता येत नाही.

---

सूक्ष्मदर्शक

याच कारणाने पुस्तकात चौपट वाढ मागितली आहे, दुप्पट नाही. पहिला नमुना गोठवून ठेवायचा, सात ते दहा दिवसांनी दुसरा घ्यायचा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच किटवर, एकाच माणसाने लावायचे. १:४० वरून १:१६० झाला तर त्याला अर्थ आहे.

पण जिथे आजार सर्रास आहे तिथे हेही लंगडं पडतं. रुग्ण येतो तेव्हाच टायटर बऱ्यापैकी वर असतो, आणि खऱ्या टायफॉइडमध्येही पुढे चौपट चढत नाही. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर चढ आणखी दबते. आणि दहा दिवसांनी कळलेली गोष्ट उपचाराच्या कामाची कितपत, हा प्रश्न राहतोच.

---

निशिगंधा

इथे माझा रिपोर्ट विचारला तर चालेल का? आठ महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता, चौदा दिवस औषध घेतलं, ताप गेला. तेव्हापासून थकवा आहे म्हणून दर दोन महिन्यांनी विडाल करून घेते. आत्ताचा ओ १:८०, एच १:३२०. ताप नाही. टायफॉइड अंगात मुरला आहे, अजून एक कोर्स घ्या, असं सांगितलं आहे. घेऊ का?

---

सूक्ष्मदर्शक

निशिगंधाताई, औषधाचा निर्णय तुम्हाला तपासणारे डॉक्टरच घेतील. रिपोर्टबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. टायफॉइड होऊन गेल्यावर आठ महिन्यांनी एच १:३२० असणं हे अपेक्षितच आहे. उपचार लागू पडला की नाही हे विडालवरून कधीच ठरवत नाहीत. औषधाने जंतू मरतात, अँटिबॉडी त्यांच्या गतीने उतरतात, आणि त्या उतरवण्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक घेण्याचा काही उपयोग नाही.

टायफॉइड उलटतो हे खरं आहे, पण तो उलटतो तेव्हा ताप घेऊन येतो, आणि बहुधा बरं वाटल्यापासून दोन-तीन आठवड्यांत. त्या वेळी रक्ताचं कल्चर करायचं. काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू टिकून राहतो आणि शौचातून बाहेर पडत राहतो. त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो. ते शोधायचं तर शौचाचं कल्चर, तेही पुन्हा पुन्हा.

आठ महिने थकवा आहे आणि ताप नाही, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर याकडे बघायला सांगा. विडालच्या मागे लागण्यात त्याचं खरं कारण मागे पडतंय अशी मला काळजी वाटते.

---

निशिगंधा

धन्यवाद. थायरॉइड आजवर कधीच केलेलं नाही. विचारते.

---

केतकी_व

म्हणजे टायफॉइडची लस घेतली की विडाल पॉझिटिव्ह येणार, आणि मग खरा टायफॉइड झाला तरी कळणार नाही. मग मुलांना लस द्यायचीच कशाला?

---

सूक्ष्मदर्शक

केतकी, लसीचा मुद्दा उलट दिशेने गेला. आज जी इंजेक्शनची लस देतात ती व्हीआय नावाच्या आवरणापासून बनवलेली असते, एकतर नुसती किंवा प्रथिनाला जोडलेली. विडालमध्ये व्हीआय मोजतच नाहीत, ओ आणि एच मोजतात. त्यामुळे या लसीने विडाल वर जात नाही. अख्ख्या मारलेल्या जंतूंची जुनी लस आणि तोंडाने घ्यायची जिवंत लस यांनी मात्र टायटर वाढू शकतो. चाचणी फसते म्हणून लस टाळायचं कारण नाही.

---

त्रैराशिक

मी थोडी आकडेमोड करून बघतो. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा त्या भागातल्या २०० निरोगी रक्तदात्यांचा ओ टायटर मोजला. १५० जणांत १:४० किंवा कमी, ३४ जणांत १:८०, १३ जणांत १:१६० आणि ३ जणांत १:३२०. म्हणजे १:८० ही रेघ मारली तर ५० निरोगी माणसं, चारातला एक, पॉझिटिव्ह ठरतो. १:३२० ला रेघ मारली तर फक्त ३, म्हणजे दीड टक्का.

आता तापाचे १००० रुग्ण घ्या, त्यात ६० जणांना खरा टायफॉइड. १:८० वर चाचणी खऱ्यांपैकी ८० टक्के पकडते असं धरू, म्हणजे ४८. उरलेल्या ९४० मधले एक चतुर्थांश, २३५, खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २८३, त्यात खरे ४८. शंभरात सतरा.

रेघ १:३२० वर नेली आणि ती खऱ्यांपैकी ४० टक्केच पकडते असं धरलं, तर २४ खरे आणि सुमारे १४ खोटे. पॉझिटिव्ह आला तर शंभरात ६३ वेळा खरा. पण ६० पैकी ३६ रुग्ण हातून सुटले.

रेघ कुठेही ओढली तरी एक बाजू फाटतेच. निरोगी आणि आजारी यांचे टायटर एकमेकांवर इतके चढलेले आहेत की मधे मोकळी जागाच नाही.

---

सूक्ष्मदर्शक

फार उत्तम मांडलंत. यात एक दुरुस्ती सुचवतो, आणि ती चित्र आणखी बिघडवणारी आहे. तुम्ही खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण निरोगी रक्तदात्यांवरून घेतलं. पण चाचणी निरोगी माणसाची होत नाही, दुसऱ्या कारणाने तापलेल्या माणसाची होते. मलेरियासारख्या तापात जुन्या अँटिबॉडी वर येतात हे वर लिहिलंच आहे. म्हणून तुलना करायची तर कल्चरने किंवा अन्य चाचणीने ज्यांच्या तापाचं दुसरं कारण सिद्ध झालं आहे त्यांच्याशी करायला हवी. ती केली की ९४० मधले खोटे पॉझिटिव्ह २३५ पेक्षाही वाढण्याचीच शक्यता जास्त.

पण निदान रक्तदात्यांवरून तरी स्थानिक रेघ ठरवा, हे मी प्रत्येक लॅबला सांगतो. किटच्या कागदावर छापलेली १:८० ची रेघ कुठल्या लोकांवरून आली हे कुणालाच ठाऊक नसतं.

---

बाह्यरुग्ण

त्रैराशिक, तुमचं गणित मान्य, पण त्यातलं १००० मध्ये ६० हे गृहीतक मला मान्य नाही. सर्दी-खोकल्याच्या तापाला मी विडाल सांगत नाही. आठवडा उलटून गेलेला, रोज थोडा-थोडा चढत गेलेला ताप, जिभेवर पांढरा थर, पोटात दुखतंय, पांढऱ्या पेशी कमी आणि इओसिनोफिल जवळजवळ शून्य, मलेरिया नाही. अशा रुग्णात मला आधीच निम्मा संशय असतो. १०० पैकी ५० धरून करून बघा.

---

त्रैराशिक

केलं. ५० खऱ्यांपैकी ४० पॉझिटिव्ह, ५० इतरांपैकी साडेबारा खोटे. म्हणजे पॉझिटिव्ह आला तर साधारण ७६ टक्के. तुमचा संशय ५० वरून ७६ वर गेला. आणि निगेटिव्ह आला तर १० सुटलेले विरुद्ध साडेसदतीस, म्हणजे टायफॉइडची शक्यता अजूनही २१ टक्के.

---

बाह्यरुग्ण

म्हणजे निवडून वापरली तर चाचणी कामाची आहे. हेच म्हणतोय.

---

सूक्ष्मदर्शक

७६ टक्के म्हणजे चारातला एक रुग्ण चुकीच्या उपचारावर. तो कोण, हे बघा. स्क्रब टायफस जिथे आढळतो तिथे तोही आठवडाभराचा ताप, पांढऱ्या पेशी कमी किंवा ठीक, पोटात दुखणं असाच येतो. विडाल १:१६० आला म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन लावलं तर त्याच्यावर ते चालतच नाही, त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. ताप उतरत नाही, मग "औषधाला दाद न देणारा टायफॉइड" म्हणून आणखी भारी इंजेक्शन. तोवर रुग्णाची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिघडतात. माझा या चाचणीवर राग आहे तो यासाठी. ती टायफॉइडचं नाव देऊन पुढचा शोध थांबवते.

आणि निगेटिव्ह आल्यावर २१ टक्के शक्यता उरली असताना तुम्ही उपचार थांबवणार आहात का? नसाल, तर निर्णय चाचणीने बदललाच नाही.

---

बाह्यरुग्ण

स्क्रब टायफसचा मुद्दा घेतला. कातडीवरचा काळा खपलीसारखा डाग शोधायची सवय लावायलाच हवी, काखेत आणि जांघेत विशेषतः. तरी पर्याय सांगा. कल्चर म्हणाल, तर मी पाठवलेल्यांत निम्म्याहून जास्त निगेटिव्ह येतात, त्यातले काही मला खात्रीने टायफॉइड वाटत असतात.

---

पिपेट

कल्चर निगेटिव्ह येण्याचं एक मोठं कारण नमुना आहे. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फारच विरळ असतात, एका मिलीत एखाद-दुसरा, पुष्कळदा त्याहूनही कमी. आमच्याकडे मोठ्यांच्या बाटलीत दोन-तीन मिली रक्त येतं. तेवढ्यात जंतू नसूही शकतो. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली हवं. मुलांसाठी वेगळी छोटी बाटली असते, तिच्यावर लिहिलेल्या मापाने भरायचं. रक्त आणि बाटलीतलं द्रव यांचं प्रमाण साधारण एकास पाच ते दहा राहिलं पाहिजे, कारण रक्तातच जंतूला मारणारे घटक असतात, ते पातळ व्हायला हवेत.

दुसरं कारण, अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेल्यावर नमुना घेतला जातो. पहिल्या गोळीच्या आधी घ्या. तिसरं, सुई टोचायच्या जागी अँटिसेप्टिक लावून ते पूर्ण सुकू द्या, नाहीतर कातडीवरचे जंतू उगवतात आणि निकाल वाचता येत नाही. आणि कृपा करून भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. लगेच पाठवता आली नाही तर खोलीच्या तापमानाला ठेवा. ही चूक अजूनही फार होते.

---

सूक्ष्मदर्शक

एवढं नीट केलं तरी एक कल्चर खऱ्या टायफॉइडपैकी साधारण निम्मे ते साठ टक्केच पकडतं. बोन मॅरोचं कल्चर त्याहून बरंच जास्त पकडतं, औषध सुरू झाल्यावरही, पण ते प्रत्येक तापाला कुणी करणार नाही. म्हणून कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइड नाही, असंही म्हणायचं नाही.

फरक असा की कल्चरमध्ये टायफी उगवला की वाद संपतो, आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं तेही कळतं. आज सिप्रोफ्लोक्सासिनला दाद न देणारा टायफी अनेक भागांत सर्रास आहे. ही माहिती विडालचा कुठलाही टायटर देऊ शकत नाही. यांत्रिक कल्चरमध्ये पॉझिटिव्ह व्हायचं असेल ते बहुतेक दोन-तीन दिवसांत होतं.

तेव्हा तुमच्या त्या आठवड्याच्या तापाच्या रुग्णासाठी माझा क्रम असा: आधी मलेरिया, आणि त्या भागात जे असतील ते डेंग्यू, स्क्रब टायफस तपासा. १० मिलीचं कल्चर घ्या. तब्येत बघून, थांबणं शक्य नसेल तर टायफॉइड गृहीत धरून औषध सुरू करा, आणि कागदावर "संशयित" लिहा. लक्षात ठेवा, योग्य औषधावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी औषध बदलू नका. कल्चर आलं की त्याप्रमाणे बदला. निगेटिव्ह आलं आणि ताप पाचव्या-सहाव्या दिवशीही तसाच असेल तर निदानच पुन्हा उघडा. या क्रमात विडालला जागाच लागत नाही.

---

बाह्यरुग्ण

जिथे कल्चरची बाटली पोचायलाच दोन दिवस लागतात तिथे हा क्रम अर्धाच चालतो. तिथे दुसऱ्या आठवड्यातल्या रुग्णात, स्थानिक रेघ ठरवलेली ट्यूब विडाल मी सोडणार नाही. स्लाइडवरचा १:८० मात्र यापुढे टायफॉइड म्हणून लिहिणार नाही, हे कबूल.

त्या झटपट कार्ड चाचण्या, आयजीएम दाखवणाऱ्या? त्या तरी बऱ्या का?

---

सूक्ष्मदर्शक

काही अभ्यासांत विडालपेक्षा बऱ्या निघाल्या, काहींत नाही. मूळ अडचण तीच आहे, त्याही अँटिबॉडीच शोधतात. आयजीएमदेखील आजारानंतर काही महिने राहू शकतं. कल्चरची जागा घेईल अशी त्यातली एकही नाही.

---

पिपेट

सर, एक प्रत्यक्ष अडचण. रक्तदात्यांच्या सीरमवरून रेघ ठरवायची ठरवली आहे. पण मुलांचं काय? रक्तदाते सगळे मोठे. लहान मुलांचा संपर्क कमी, म्हणजे त्यांची रेघ खाली असायला हवी ना? आणि निरोगी मुलांचं रक्त नुसतं रेघेसाठी कोण देणार?

---

सूक्ष्मदर्शक

मुलांची रेघ वेगळी असते, वयाबरोबर टायटर चढत जातो. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी आलेल्या, ताप नसलेल्या मुलांचं उरलेलं सीरम वापरता येईल, पण त्याला पालकांची आणि नैतिक समितीची परवानगी लागेल. निवड एकतर्फी होते ही शंका तरीही उरते. कुणी हे वयोगटानुसार केलं असेल तर पद्धत इथे लिहा. आणि रेघ ठरली की किटचा लॉट बदलेल तेव्हा आधीची वीस-पंचवीस सीरम नव्या लॉटवर पुन्हा लावून बघा. एक पायरीपेक्षा जास्त फरक बऱ्याच सीरममध्ये दिसला तर रेघ नव्याने काढावी लागेल.

---

पिपेट

लॉट बदलल्यावर पुन्हा लावतो. दात्यांची सीरम छोट्या-छोट्या भागांत उणे २० ला ठेवली आहेत, म्हणजे परत परत वितळवावी लागणार नाहीत. रिपोर्टच्या तळाशी ती १:८० ची ओळ काढून काय छापू?

---

सूक्ष्मदर्शक

पद्धत, तापाचा कितवा दिवस आणि तुमची स्थानिक रेघ, या तीन गोष्टी. आणि त्याखाली: "एका नमुन्यावरून टायफॉइडचे निदान करता येत नाही. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे." पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे शब्द छापू नका, नुसता टायटर छापा.

---

बाह्यरुग्ण

तापाचा दिवस फॉर्मवर आम्हीच लिहीत नाही, तो लॅबला कळणार कसा. तो रकाना भरायला सुरुवात करतो. दुसऱ्या आठवड्यातल्या ट्यूब विडालवर मात्र आपलं एकमत झालेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.